हॉस्टेलवरचा मुलगा, रात्रीचं ऑपरेशन, आईवडील लातूरला: सही कुणाची?

वृंदा_१९

नमस्कार मंडळी. मी पुण्यातल्या एका रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक आहे. जूनमध्ये बाहेरगावची मुलं पुण्यात दाखल व्हायच्या आधी आम्ही हॉस्टेलचे रेक्टर आणि कॉट बेसिसवर मुलं ठेवणारे घरमालक यांची एक बैठक घेतोय. त्यात चर्चेला ठेवायला एक प्रसंग लिहून काढलाय. तो एका कुणाचा नाही, वेगवेगळ्या अनुभवांतून जुळवलेला आहे. बैठकीआधी इथे टाकते, कारण इथे डॉक्टर आहेत, वकील आहेत आणि मुलांना पुण्यात ठेवलेले पालकही आहेत.

मुलगा १६ वर्षं ८ महिन्यांचा. घर लातूरला, इथे नीटच्या क्लाससाठी हॉस्टेलवर. रात्री साडेनऊला डाव्या बाजूच्या अंडकोषात एकदम जोराची कळ आली. लाजेपोटी कुणाला बोलला नाही. उलट्या झाल्या तेव्हा पोटात दुखतंय म्हणाला, रूममेटने ओवा दिला. बाराच्या सुमारास रडायला लागला तसं रूममेटने रेक्टर सरांना उठवलं. पाऊण वाजता रुग्णालयात. ड्यूटीवरच्या निवासी डॉक्टरने सरांना बाहेर बसवून मुलाला नीट विचारलं, मग खरं कारण कळलं. सव्वाला सर्जन आले. वृषणाला पीळ बसलाय, लगेच ऑपरेशन हवं. थिएटर दोनपर्यंत तयार होईल.

निवासी डॉक्टरने वडिलांना फोन केला: "तुमच्या मुलाला ॲडमिट केलंय, ऑपरेशन करावं लागेल, तुमची सही लागेल." वडील म्हणाले, "आम्ही आत्ता निघतो. आम्ही आल्याशिवाय हात लावू नका." ते दीडला निघाले, आठच्या आत पोचणं शक्य नाही. आई धाकट्या मुलीजवळ घरीच आहे. रेक्टर म्हणतात, ॲडमिशन फॉर्मवर लोकल गार्डियन म्हणून माझं नाव आहे, मी सही करतो. आणि मुलगा म्हणतो, "करा ऑपरेशन. पण सरांना सांगू नका काय झालंय ते."

सही कुणाची चालेल? वडिलांचं "हात लावू नका" पाळायचं का? आणि मुलाच्या होकाराला काही किंमत आहे की नाही?

एमएच_२४

मी लातूरचाच. माझी मुलगी कर्वेनगरला हॉस्टेलवर आहे, म्हणून हे वाचून अंगावर काटा आला. पण यात वडिलांना आडमुठं ठरवू नका ही विनंती. मागच्या पावसाळ्यात मुलीला डेंग्यू झाला तेव्हा रात्री अनोळखी नंबरवरून फोन आला, आधी डिपॉझिटचं बोलले, मग मुलगी कशी आहे ते. आणि हल्ली "तुमचा मुलगा दवाखान्यात आहे, पैसे पाठवा" असे फसवणुकीचे फोन सर्रास येतात. रात्री एक वाजता कुणीतरी म्हणतं सही द्या, तर बाप काय म्हणणार? येतो म्हणणार. आम्हाला मुलांची काळजी नाही असं समजू नका.

वृंदा_१९

दादा, दोष कुणालाच द्यायचा नाहीये. फोन खरा आहे हे बापाला कसं कळावं, हा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. तो प्रसंगात घालते.

अनिकेत_आर२

मी सर्जरीचा दुसऱ्या वर्षाचा निवासी आहे. इथे एवढा घोळ घालायची गरज नाही. फॉरेन्सिकमध्ये शिकवतात की बारा वर्षांवरचं मूल संमती देऊ शकतं. मुलगा साडेसोळाचा आहे, त्याची सही घ्या. शिवाय ही इमर्जन्सी आहे, आणि इमर्जन्सीत संमती लागतच नाही. दोन डॉक्टरांनी केसपेपरवर तसं लिहून सह्या करायच्या आणि मुलाला थिएटरला घ्यायचं. वडिलांना सकाळी सगळं समजावून सांगता येतं.

जुना_सर्जन

अनिकेत, घाई हवीच. पण कशाची घाई ते आधी घड्याळ मांडून बघू, मग सहीकडे येऊ.

पीळ बसला की वृषणाकडे जाणाऱ्या शिरांचा दोर आवळला जातो आणि रक्त थांबतं. कळ सुरू झाल्यापासून सहा तासांत पीळ सोडवला तर दहात नऊ वेळा किंवा त्याहून जास्त वेळा वृषण वाचतो. बारा तासांच्या आसपास ही शक्यता निम्म्यावर येते, आणि २४ तास उलटले की क्वचितच काही हाती लागतं. आपल्या मुलाची कळ साडेनऊची. दोनला थिएटरला घेतलं तर साडेचार तास झालेले असतील. वडील आठला आले, त्यांनी मुलाला पाहिलं, सही केली आणि नवाला चिरा दिला, तर साडेअकरा तास. या फरकात एक अवयव जातो.

मुलाच्या जिवाला मात्र त्या रात्री धोका नाही. म्हणून हा प्रसंग अवघड आहे, आणि वृंदाताईंनी तो छान निवडलाय. अपघातात प्लीहा फुटून पोर रक्तस्रावाने चाललं असेल तर कुणी सहीसाठी थांबत नाही. उलट हर्नियाचं ठरवून करायचं ऑपरेशन असेल तर आईवडिलांची वाट बघतातच. हे मधलं आहे.

आता एक व्यवहाराची गोष्ट. थिएटर तयार होईपर्यंत हाताने पीळ सोडवून बघता येतो. पीळ बहुतेक वेळा आतल्या बाजूला बसलेला असतो, म्हणून वृषण बाहेरच्या बाजूला फिरवायचा. जमलं तर मुलाला तिथल्या तिथे आराम पडतो, चेहऱ्यावरच दिसतं. यानेही ऑपरेशन टळत नाही, कारण पीळ अर्धवट सुटलेला असू शकतो आणि पुन्हा बसू शकतो. पण वेळ मिळतो. हे भूल न देता होतं, दुखतं, आणि मुलाने साथ दिल्याशिवाय होतच नाही. तेव्हा त्याचं म्हणणं कागदावर येवो न येवो, त्या रात्रीचा पहिला उपचार त्याच्या होकारावरच चालतो. त्याला सगळं सांगा. तो सोळा वर्षांचा आहे, जीवशास्त्र घेऊन डॉक्टर व्हायला निघालाय.

ॲड_शनिवार

मी वकील आहे, वैद्यकीय दाव्यांचं काम करतो. अनिकेत यांची दोन्ही विधानं अर्धी खरी आहेत, आणि अर्ध्या खऱ्या विधानावर विसंबूनच डॉक्टर अडचणीत येतात.

बारा वर्षांचा आकडा फौजदारी कायद्यातला आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेत होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम २८ मध्ये आहे. बारा वर्षांखालच्या मुलाची संमती ही संमतीच धरली जात नाही, एवढंच ते सांगतं. त्यावरून डॉक्टरवर गुन्हा दाखल होतो की नाही ते ठरतं. त्यामुळे साडेसोळा वर्षांच्या मुलाच्या भल्यासाठी, त्याच्या होकाराने, सद्‌हेतूने काही केलं तर फौजदारी बाजूने डॉक्टर बऱ्यापैकी सुरक्षित असतो. पण ग्राहक आयोगात नुकसानभरपाईचा दावा आला की प्रश्न सज्ञान असण्याचा येतो, आणि ते वय १८. बारा ते अठरा या वयातल्या मुलाने उपचाराला संमती द्यावी की देऊ नये हे एका जागी स्पष्ट सांगणारा कायदा आपल्याकडे नाही. म्हणून रुग्णालयं पालकांचीच सही मागतात, आणि ते बरोबरच आहे.

दुसरं विधान: इमर्जन्सीत संमती लागत नाही. संहितेचं कलम ३० बघा. त्यात उदाहरणच दिलंय की एका मुलाला अपघात झालाय, लगेच शस्त्रक्रिया केली नाही तर ते दगावेल, पालकांना विचारायला वेळ नाही, मूल गयावया करतंय, तरी डॉक्टर शस्त्रक्रिया करतो, गुन्हा नाही. पण कलमाची अट अशी की वेळेत संमती देऊ शकेल असा पालक किंवा कायदेशीर ताबा असलेली दुसरी व्यक्ती उपलब्ध नसावी. ही तरतूद मूळची १८६० ची. तेव्हा लातूरच्या बापाला पुण्यातून विचारणं अशक्यच होतं. आज त्याच्या खिशात फोन आहे आणि तो उचलतो. उचलून "हात लावू नका" म्हणतो. अशा वेळी "पालक मिळाले नाहीत" असं केसपेपरवर लिहिणं म्हणजे खोटं लिहिणं.

अनिकेत_आर२

सर, मान्य. मग काय, साडेअकरा तास होऊ द्यायचे? उद्या तेच वडील म्हणतील की तुम्हाला माहीत होतं तर केलं का नाही.

जुना_सर्जन

म्हणतील, आणि ते खरं असेल. पण अनिकेत, तो फोन पुन्हा वाच. "ऑपरेशन करावं लागेल, सही लागेल." यात कशाचं ऑपरेशन ते नाही, किती वेळ आहे ते नाही, थांबलो तर काय होईल ते नाही. ज्या माणसाला काहीच सांगितलं नाही त्याने नकार दिला असं मी मानतच नाही. होकाराला जेवढी माहिती लागते तेवढी नकारालाही लागते.

मी असतो तर दुसरा फोन मी स्वतः केला असता, निवासी डॉक्टरला करायला लावला नसता. आधी मुलाला फोन देऊन आईबापाशी बोलू दिलं असतं, शक्य तर व्हिडिओवर, म्हणजे एमएच_२४ म्हणतात ती शंका तिथेच मिटते. मग साधारण असं बोललो असतो: "मी सर्जन बोलतोय. तुमच्या मुलाच्या डाव्या वृषणाला पीळ बसलाय, त्याचं रक्त बंद झालंय. साडेनऊपासून दुखतंय. साडेतीनच्या आत पीळ सोडवला तर तो बहुतेक वाचेल. तुम्ही येईपर्यंत थांबलो तर कदाचित काढावा लागेल. एक गेला तरी दुसऱ्यावर पुढे लग्न, मुलंबाळं सहसा अडत नाहीत, पण वाचवता येत असताना घालवू नये असं माझं मत आहे. तुम्हाला काय विचारायचंय?" आणि मग गप्प बसायचं. बाप दहा सेकंद बोलत नाही. त्याला बोलू द्यायचं.

फोन स्पीकरवर, शेजारी नर्स किंवा दुसरा डॉक्टर साक्षीदार. वेळ, नंबर, बोलणाऱ्याचं नाव आणि नातं, त्यांना काय सांगितलं, ते काय म्हणाले, हे सगळं लगेच केसपेपरवर लिहायचं आणि दोघांनी सह्या करायच्या. घरी आई आहे, तिने कागदावर चार ओळी लिहून सही करून व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला तर उत्तम. आल्यावर फॉर्मवर प्रत्यक्ष सही घ्यायचीच.

रानजाई

पण वडील गाडीत आहेत, रेंज नाही. आईला फोन केला तर आई म्हणणार, "त्यांना विचारल्याशिवाय मी कसं सांगू?" मी पंधरा वर्षं नर्स आहे, हे वाक्य आठवड्याला ऐकते. आणि आमचे डॉक्टरही तेवढ्यावर फोन ठेवतात, जणू आईची सही म्हणजे कच्ची सही.

ॲड_शनिवार

रानजाई, फार महत्त्वाचं बोललात. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ मध्ये पिता आणि "त्याच्यानंतर" माता अशी रचना आहे, त्यामुळे हा समज पक्का बसलाय. पण १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गीता हरिहरन प्रकरणात सांगितलं की पिता मरण पावल्यावरच मातेचा हक्क येतो असा अर्थ घ्यायचा नाही. पिता त्या वेळी मुलाच्या देखभालीसाठी उपलब्ध नसेल तर माता पालक आहे. बाप बालाघाटाच्या घाटात रेंजबाहेर असताना आईचा होकार हा पालकाचा पूर्ण होकार आहे. तिला तेवढं नीट शब्दांत सांगा: "ताई, तुमच्या एकट्यांच्या सांगण्यावर आम्ही करू शकतो." हे कुणी सांगत नाही म्हणून ती घाबरते.

आता रेक्टर. लोकल गार्डियन हा शब्द हॉस्टेलच्या फॉर्मवर असला तरी त्याने नैसर्गिक पालकाचे अधिकार येत नाहीत. मी वर सांगितलेल्या कलमात "कायदेशीर ताबा असलेली व्यक्ती" आहे, आणि रेक्टर त्यात बसतो असं म्हणायला वाव आहे. पण आईवडील फोनवर मिळत असताना रेक्टरची सही घेऊन पुढे जाणं मला पटत नाही. तो साक्षीदार म्हणून चांगला, आणि दोन्हीकडे फोन लागलाच नाही तर आधार म्हणून उपयोगी.

रानजाई

आणि मुलगा म्हणालाय की सरांना सांगू नका. रेक्टर सही करणार म्हणजे फॉर्मवर काय लिहिलंय ते वाचणार. साक्षीदार तरी त्यांना का करायचं, वॉर्डात आम्ही आहोत की. सरांना एवढंच सांगायचं की ऑपरेशन तातडीचं आहे, आईवडिलांशी बोलणं झालंय, तुम्ही बाहेर थांबा. मुलाला दहा दिवसांनी त्याच खोलीत, त्याच मुलांत परत जायचंय.

ॲड_शनिवार

पटलं. साक्षीदार रुग्णालयातलाच घ्यावा.

निशिगंध

थोडं विषय सोडून होईल, पण संमतीचंच आहे. माझी आई ७८ वर्षांची, विस्मरणाचा आजार आहे. मागच्या वर्षी घरात पडून खुब्याचं हाड मोडलं. रुग्णालयात डॉक्टरांनी तिला काहीच विचारलं नाही, सगळं माझ्या भावाशी बोलले, भावाने सही केली. ती पूर्ण वेळ म्हणत होती, "मला कुठे नेताय?" ऑपरेशन व्यवस्थित झालं, आता ती वॉकरने चालते. पण ते मनात राहिलंय. तिच्या बाबतीत तिला विचारायला हवं होतं का? की मुलासारखंच, घरच्यांनी ठरवायचं?

जुना_सर्जन

विषय सोडून नाहीये. फरक असा की सोळा वर्षांच्या मुलाचं वय कायद्याने ठरवून दिलंय, तुमच्या आईंच्या बाबतीत असा कुठला आकडा नाही. विस्मरणाचं निदान झालं म्हणजे निर्णयक्षमता गेली असं होत नाही. त्या त्या निर्णयासाठी, त्या त्या वेळी बघावं लागतं. मी असं करायचो: सकाळी, चष्मा आणि कानाचं यंत्र लावून, वेदना कमी झाल्यावर बोलायचं. खुबा मोडलाय, ऑपरेशन करायचं म्हणतोय, नाही केलं तर अंथरुणावर राहावं लागेल. मग त्यांनाच त्यांच्या शब्दांत सांगायला लावायचं. दहा मिनिटांनी परत विचारायचं. सांगता आलं, आणि हो किंवा नाहीचं काही कारण देता आलं, तर तो निर्णय त्यांचा.

पडल्यानंतर, वेदनेत, नव्या जागी, रात्री म्हातारी माणसं गोंधळतात. तो गोंधळ औषधपाण्याने दोनचार दिवसांत उतरूही शकतो. खुब्याचं ऑपरेशन शक्यतो एकदोन दिवसांत झालेलं बरं, त्यामुळे उतरायची वाट फार बघता येत नाही. पण एक सकाळ बघता येते. आणि क्षमता नाही असं ठरलं तरी "मला कुठे नेताय" याला उत्तर द्यायचंच असतं, दर वेळी. त्याला सही लागत नाही.

ॲड_शनिवार

निशिगंध, भावाच्या सहीबद्दल. सज्ञान माणसाची निर्णयक्षमता गेली तर मुलगा किंवा नवरा-बायको आपोआप कायदेशीर पालक होतात असा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ मध्ये माणूस आधीच आपला प्रतिनिधी नेमून ठेवू शकतो, पण तो मानसिक आजाराच्या उपचारांपुरता. खुब्याच्या ऑपरेशनला घरच्यांची सही घेतात ती रुळलेली पद्धत म्हणून. माणूस कोमात असेल आणि बँक, घर, सगळंच बघायचं असेल तर घरच्यांना उच्च न्यायालयात जाऊन पालक नेमून घ्यावा लागतो.

आणि क्षमता असलेल्या सज्ञान माणसासाठी दुसऱ्या कुणाचीच सही चालत नाही. समीरा कोहली प्रकरण, २००८. चव्वेचाळीस वर्षांच्या बाई दुर्बिणीच्या तपासणीसाठी भुलेखाली होत्या. बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन डॉक्टरांनी गर्भाशय आणि बीजकोश काढले. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ही संमती नाही. रुग्ण सज्ञान होती, शुद्धीवर आल्यावर तिला विचारता आलं असतं, आणि जिवावर बेतलेलं काही नव्हतं.

कुसुम_ताई

मी जुनी कार्यकर्ती आहे, पुण्याचीच. तुम्ही सगळे सही कुणाची यावर बोलताय. १९९४ चा फेब्रुवारी मला आठवतो. शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या मतिमंद मुलींना ससूनला आणून त्यांची गर्भाशयं काढायला सुरुवात झाली होती. कारण दिलं पाळीच्या स्वच्छतेचं. ताबा सरकारकडे, डॉक्टर नामवंत, कागद सगळे जागच्या जागी. आम्ही बायका रस्त्यावर उतरलो तेव्हा पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. तोवर काही मुलींच्या झाल्या होत्या.

त्या मुलींपैकी बऱ्याच जणींना नीट शिकवलं असतं तर कापड बदलता आलं असतं. संस्थेत शिकवायला माणसं कमी, पाणी कमी, चड्ड्या कमी. काम वाचणार होतं सांभाळणाऱ्यांचं. म्हणून दुसऱ्याच्या वतीने कुणी सही करतो तेव्हा मी एकच बघते, फायदा कुणाचा होतोय. तुमच्या या मुलाच्या बाबतीत फायदा उघड त्याचाच आहे. निशिगंध, तुमच्या आईच्या बाबतीतही. तिथे मला सहीची एवढी भीती वाटत नाही.

निशिगंध

ताई, धन्यवाद. हे भावालाही वाचायला देईन.

अनिकेत_आर२

समीरा कोहलीवरून एक शंका. पीळ सोडवायला फोनवर होकार मिळाला समजा. आत गेल्यावर वृषण काळा पडलेला निघाला तर काढायचा ना? आणि दुसऱ्या बाजूचा टाके घालून बसवायचा ना? ते तर सगळेच करतात.

जुना_सर्जन

करतात, मीही केलंय. म्हणूनच फोनवर या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या विचारायच्या. पीळ सोडवणं. मेलेला असेल तर काढणं. आणि चांगल्या बाजूचा बसवणं, कारण एका बाजूला वृषण सैल लोंबकळत असतो तेव्हा बहुतेकदा दुसऱ्या बाजूलाही तसाच असतो, आणि उद्या तिकडे पीळ बसला तर मुलाकडे काहीच उरत नाही.

बाप बऱ्याचदा म्हणतो, सोडवा, पण काढू नका. तेव्हा त्याच्याशी वाद घालायचा नाही. पीळ सोडवून गरम सलाइनच्या कापडात वृषण दहापंधरा मिनिटं गुंडाळून ठेवतात आणि रंग परततोय का बघतात. काळाच राहिला तरी तो त्याच मिनिटाला काढला नाही म्हणून मूल दगावत नाही. ठेवून बाहेर यायचं, सकाळी बापाला समजावायचं. यात तोटा आहे: आत सडून पू होऊ शकतो, दुसऱ्यांदा भूल द्यावी लागते. तो तोटाही फोनवर सांगायचा. पण "काढू नका" हे ऐकून घेऊन, वर आत जाऊन काढला, तर त्या बापाला मी काय तोंड दाखवणार?

ॲड_शनिवार

इथवर आपलं एकमत. पुढे नाही. समजा दोघांपैकी कुणाचाही फोन लागला नाही आणि तुम्ही कलम ३० च्या आधारावर आत गेलात. पीळ सोडवणं त्यात बसतं. चांगल्या बाजूचा बसवणं बसत नाही. तो धोका उद्याचा आहे, आजचा नाही. आईवडील सकाळी येणार आहेत, त्यांना विचारून महिन्याने करा.

जुना_सर्जन

वकीलसाहेब, महिन्याने म्हणजे दुसरी भूल, दुसरं ॲडमिशन, क्लासच्या ऐन परीक्षांत. लातूरला परत गेलेला मुलगा दुखत नाही म्हणून येतच नाही, हे मी पाहिलंय. शिवाय तुमच्याच समीरा कोहली निकालात प्राण वाचवण्यासोबत आरोग्य जपण्यासाठी आवश्यक असलेलंही अपवादात धरलंय ना?

ॲड_शनिवार

धरलंय, पण पुढची अट आहे की रुग्ण निर्णय घेऊ शकेपर्यंत थांबणं अवाजवी असलं पाहिजे. महिनाभर थांबणं गैरसोयीचं आहे, अवाजवी आहे असं मला वाटत नाही. खटला माझ्याकडे आला तर मी डॉक्टरच्या बाजूने तुमचा मुद्दा जोरात मांडीन. जिंकेनच असं आज सांगू शकत नाही.

जुना_सर्जन

मी तरी बसवीनच. मुलगा जागा असताना त्याला विचारीन, तो हो म्हणाला तर तसं लिहीन, आणि सकाळी बापाला मीच पहिल्यांदा सांगेन.

रानजाई

आणि मुलगा नाही म्हणाला तर? म्हणजे ऑपरेशनलाच. आईवडील फोनवर हो म्हणतायत आणि हा घाबरून पाय आवळून पडलाय.

जुना_सर्जन

कायद्याने पालकांचा होकार पुरतो. पण साडेसोळा वर्षांच्या मुलाला चौघांनी धरून भूल द्यायची वेळ माझ्यावर आली नाही आणि येऊ नये. बहुतेक वेळा भीती ऑपरेशनची नसते. एकाने मला विचारलं होतं, "माझी मुंज पोरींसमोर काढणार का?" म्हणजे वॉर्डात कपडे उतरवणार का. पडदा ओढला, नर्सऐवजी ब्रदर आले, आणि पोरगं तयार झालं. पाच मिनिटं द्यायची. घड्याळात तेवढी जागा असते.

खरोखर समजून उमजून नाही म्हणणारा मुलगा समोर आला तर काय करीन, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

एमएच_२४

सर्वांचं वाचलं. पहिल्या प्रतिसादात रागाने लिहिलं होतं. वृंदाताई, आम्ही पालकांनी आधीच काय करून ठेवायचं ते सांगा. हॉस्टेलला एक कागद लिहून दिला की काम होतं का?

वृंदा_१९

दादा, सगळं काम होत नाही. "काहीही झालं तर रेक्टरनी ठरवावं" असा सरसकट कागद त्या रात्रीच्या संमतीची जागा घेत नाही, कारण तो लिहिताना कशाचं ऑपरेशन आहे हे कुणालाच माहीत नसतं. पण असा कागद असलेला बरा. त्यात दोघांचे नंबर आणि पुण्यातल्या एका नातेवाइकाचा. मुलाला कशाची ॲलर्जी, आधीचे आजार, चालू औषधं. आणि एक ओळ: आम्ही दोघंही फोनवर मिळालो नाही तर तातडीच्या उपचारासाठी अमुक व्यक्तीला आमच्या वतीने डॉक्टरांशी बोलायला आमची परवानगी आहे. त्यावर दोघांच्या सह्या. रात्री फोन सायलेंटवर टाकत असाल तर हॉस्टेलच्या नंबराला तेवढी सूट द्या.

आणि मुलाला सांगा की पोटाखाली कुठेही अचानक दुखलं तर लाजायचं नाही, तासाभरात सांगायचं. या प्रसंगात सहीवर पाऊण तास गेला, लाजेत अडीच तास गेले.

एमएच_२४

हे सांगतो. माझ्या मुलीला ऑगस्टमध्ये अठरा पूर्ण होतील. मग हा कागद तिच्यासाठी तिने लिहायचा की आम्ही?

ॲड_शनिवार

तिने. वाढदिवसाच्या दिवसापासून तुमची सही तिच्या उपचारासाठी उपयोगाची नाही. ती शुद्धीवर असेल तर निर्णय तिचा, आणि तुम्हाला कळवायचं की नाही हेही तीच ठरवणार. ती बेशुद्ध असेल तेव्हा डॉक्टर तुमच्याशी बोलतील. तिच्याच हाताने, आपल्या आजाराची माहिती कुणाला द्यावी आणि बोलता येत नसेल तर कुणाला विचारावं, असं दोन ओळींचं लिहून घ्या आणि रेक्टरकडे जुन्या कागदाच्या जागी द्या.

वृंदा_१९

बैठकीचा नमुना कागद तयार झाला की इथेच टाकते, अठराच्या आतल्यांचा आणि अठरा पूर्ण झालेल्यांचा वेगळा. रानजाई, पडद्याचं आणि साक्षीदाराचं तुम्ही येऊन बोलाल का? रेक्टर लोक नर्सचं ऐकतात.

रानजाई

शनिवारी दुपारी ठेवलीत तर येते. सकाळची ड्यूटी आहे.